घाबरवायचं नाही, मग परिपाठात बोलायचं काय?

प्रश्न: मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. मुख्याध्यापकांनी मला परिपाठात मित्रांचा दबाव आणि व्यसन यावर दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. मागच्या वर्षी एका पाहुण्यांनी काळ्या पडलेल्या फुफ्फुसांचे फोटो दाखवले, तर मागच्या रांगेतली मुलं हसत होती. मला तसं भाषण करायचं नाही. पण खरं खरं सांगितलं तर मुलांना मोकळीक दिल्यासारखं होईल का, ही भीती वाटते. भाषण कसं लिहावं?

उत्तर:

मी २२ वर्षं शाळांमधून समुपदेशक म्हणून काम करतो आहे आणि पहिली पाच-सहा वर्षं मी अगदी त्या पाहुण्यांसारखंच बोलत होतो. फोटो होते, आकडे होते, आणि शेवटी एक ठेवणीतलं वाक्य होतं: ‘एकदा हात लावलात की सुटका नाही.’ त्या वाक्यानंतर शांतता पसरायची आणि मला वाटायचं, जमलं.

मग एका शाळेत भाषणानंतर चार-पाच दिवसांनी नववीतला एक मुलगा आला. तो म्हणाला, ‘सर, मी चार वेळा ओढलीय. काहीच झालं नाही. तुम्हाला बहुतेक माहीत नाही.’ आवाजात उद्धटपणा अजिबात नव्हता. जणू माझी चूक सांभाळून घेत होता. त्याच महिन्यात त्याच वर्गातली एक मुलगी वेगळ्याच कारणासाठी आली होती. बोलता बोलता ती म्हणाली, ‘मी एकदा घेतलीय, म्हणजे आता माझं संपलंच ना?’ एकाच वाक्यानं एका मुलाचा माझ्यावरचा विश्वास उडवला आणि एका मुलीची उमेद घालवली. ज्यांनी कधी काही घेतलंच नव्हतं, ती मुलं तेवढी माना डोलवत होती. त्यांना त्या भाषणाची फारशी गरजही नव्हती.

म्हणून मोकळीक मिळेल का, या भीतीच्या आधी एक गोष्ट मान्य करावी लागते. तुमच्यासमोर दोन प्रकारचे श्रोते एकाच रांगेत उभे असतात. काहींनी करून पाहिलंय किंवा मित्राला करताना पाहिलंय, बाकीच्यांनी नाही. अतिशयोक्ती केली की पहिल्या गटाला ती लगेच कळते, कारण त्यांच्याकडे स्वतःचा पुरावा असतो. आणि मधल्या सुट्टीत उरलेल्यांना माहिती पुरवणारी मुलंही तीच असतात.

दुसरी गोष्ट, जी मुख्याध्यापकांनाही आधीच सांगून ठेवा: एका भाषणानं व्यसन थांबत नाही. संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थविषयक कार्यालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून २०१८ मध्ये प्रतिबंधाच्या मानकांची दुसरी आवृत्ती काढली. भीती घालणं, एखादाच कार्यक्रम घेणं, व्यसनातून बाहेर आलेल्या माणसाला बोलावून त्याची कहाणी ऐकवणं, या गोष्टींचा शाळांमध्ये उपयोग दिसत नाही किंवा उलटा परिणाम होतो, असं त्यात म्हटलं आहे. शेवटचं अनेकांना पटत नाही. पण मुलांच्या बाजूनं पाहा. समोर ताठ उभा असलेला, टाळ्या मिळवणारा माणूस काय सिद्ध करतो? की यातून बाहेर पडता येतं, आणि वर स्टेजही मिळतं.

मग दहा मिनिटांत काय साधायचं? मी तीनच गोष्टी धरतो: मुलांना दबाव ओळखता यावा, ‘सगळेच करतात’ हा समज थोडा हलावा, आणि अडचणीत कुठल्या दारावर टकटक करायची ते कळावं. यातली तिसरी गोष्ट जमली तरी मी भाषण यशस्वी समजतो.

आता मजकुराकडे येऊ. सुरुवात मी अशी करतो, तुम्ही तुमच्या शब्दांत बदलून घ्या:

‘आज मी सिगारेट, व्हेप, दारू, गांजा याबद्दल बोलणार आहे. तुमच्यापैकी बहुतेकांनी यातलं काही घेतलेलं नाही. काहींनी घेतलं असेल. मी दोघांशीही बोलतेय. कुणालाही हात वर करायला सांगणार नाही. पहिल्यांदा घेतल्यावर बहुतेक वेळा काही भयंकर होत नाही. खोकला येतो, डोकं गरगरतं, कधी उलटी होते, आणि दुसऱ्या दिवशी माणूस शाळेत येतो. म्हणून तुम्हाला वाटतं की मोठी माणसं खोटं बोलत होती.’

इथे शिक्षकांच्या रांगेत थोडी चुळबुळ होते. होऊ द्या. पण इथेच थांबलात तर मोकळीक दिल्यासारखंच होईल, म्हणून पुढचं वाक्य लगेच यायला हवं. निकोटिनबद्दल बोलायला माझ्याकडे एक भक्कम आकडा आहे. वेगवेगळ्या देशांतली सर्वेक्षणं एकत्र करून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की, एकदा सिगारेट ओढून पाहिलेल्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश लोक पुढे कधी ना कधी, काही काळ तरी, रोज ओढू लागले होते. मी तो असा सांगतो: ‘तिघांनी गंमत म्हणून ओढली, तर साधारण दोघांची ती कधीतरी रोजची झाली. तिसऱ्याची नाही झाली. आपण तिसरे आहोत असं तिघांनाही वाटत होतं.’ तिसरा माणूस भाषणातून गाळू नका. मुलांच्या ओळखीत तो असतोच आणि ती त्याचंच उदाहरण देतात. तुम्ही आधीच त्याचं नाव घेतलंत की तो मुद्दा त्यांच्या हातून जातो. मात्र हा आकडा सिगारेटचा आहे. तोच दारूला किंवा गांजाला लावू नका, त्यांचं प्रमाण वेगळं आहे.

तुम्ही विज्ञान शिकवता, तेव्हा त्यापुढे एक मिनिट यंत्रणेवर खर्च करा. निकोटिनची सवय लागलेला माणूस बराच वेळा मजेसाठी ओढत नाही. मागच्या सिगारेटचा असर उतरल्यावर जी बेचैनी येते, ती शमवण्यासाठी ओढतो. मग त्याला वाटतं की सिगारेटनं आपल्याला शांत केलं. ही बेचैनी मुळात आली कुठून, हे मुलांना विचारा आणि उत्तर स्वतः देऊ नका. काळ्या फुफ्फुसांवर हसलेली मुलं इथे विचार करताना मी पाहिली आहेत, कारण यात चाळीस वर्षांनंतरची गोष्ट नाही, उद्या दुपारची आहे.

एक अपवाद मात्र स्पष्ट सांगायलाच हवा, नाहीतर प्रामाणिकपणा अर्धवट राहतो. काही गोष्टींत पहिलीच वेळ जिवावर बेतू शकते: पैजेवर घटाघट प्यायलेली भरपूर दारू, आणि कुणीतरी दिलेली, कशाची आहे ते ठाऊक नसलेली गोळी. हुंगण्याच्या पदार्थांनीही पहिल्याच वेळी हृदय बंद पडू शकतं. पण परिपाठात मी त्या पदार्थांची नावं घेत नाही. अनेक मुलांना ती माहीत नसतात, आणि माझ्याकडून कळायचं कारण नाही. ब्रँड, किंमत, लपवायच्या युक्त्या यांनाही हाच नियम. समोर पाचवीपासूनची मुलं असतील तर हे भाषण करूच नका. फक्त नववी-दहावीसाठी वेगळा परिपाठ मागून घ्या.

आता दबाव. बहुतेक भाषणांत दबाव म्हणजे चार टारगट मुलं, कोपऱ्यात घेरलेला एक बिचारा, आणि ‘घे, नाहीतर...’ अशी धमकी. माझ्याकडे आलेल्या मुलांपैकी असं फार थोड्यांच्या बाबतीत घडलं होतं. बाकीच्यांना कुणी काही म्हटलंही नव्हतं. हात पुढे आला, चौघांनी घेतली, पाचव्यानं घेतली. त्याला विचारलं तर म्हणतो, ‘कुणी जबरदस्ती नाही केली, मीच घेतली.’ भाषणातला दबाव त्यानं कधी पाहिलेलाच नसतो, त्यामुळे ते भाषण त्याला लागू होत नाही.

हे समजवायला मी एक प्रयोग सांगतो. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तो प्रसिद्ध केला. किशोरवयीन मुलं आणि मोठी माणसं यांना गाडी चालवण्याचा एक खेळ दिला. पिवळा दिवा लागला की थांबायचं की दामटायचं, हे खेळणाऱ्यानं ठरवायचं. एकटी असताना मुलं मोठ्यांसारखीच खेळत होती. मित्र दुसऱ्या खोलीत बसून पडद्यावर पाहताहेत, एवढं कळल्यावर मुलांनी जास्त धोके पत्करले. मोठ्यांच्या खेळात तसा फरक पडला नाही. मुलांना मी म्हणतो, ‘तुम्ही कमकुवत आहात असा याचा अर्थ नाही. या वयात मित्रांची नजर डोक्यात जास्त जोरात वाजते. म्हणून चौघांत असताना घेतलेला निर्णय आणि एकट्यानं घेतलेला निर्णय वेगळा येतो. तो एकटे असतानाच घेऊन ठेवा.’

यानंतर येतो भाषणाचा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात बिघडणारा भाग. शिक्षक कळकळीनं म्हणतात, ‘आजकाल किती मुलं याच्या आहारी जात आहेत!’ हेतू चांगला असतो, पण मुलाच्या कानात पडतं ते असं: बरीच जणं करतात, मीच राहिलोय. मुलं तसाही आपल्या वयाच्या मुलांमधला वापर जास्त धरून चालतात, कारण जो ओढतो तो दिसतो आणि जो ओढत नाही तो कुणाला दिसत नाही. ‘मी आज ओढली नाही’ असं कुणी वर्गात येऊन सांगत नाही.

त्यामुळे भाषणाच्या दोन आठवडे आधी एक चिठ्ठी फिरवता आली तर पाहा. एका शाळेत आम्ही हे कसं केलं ते सांगतो. नाव नाही, तुकडी नाही, काही लिहायचं नाही, फक्त खुणा. पहिला प्रश्न: मागच्या ३० दिवसांत यातलं काही घेतलं का? खाली यादी. दुसरा प्रश्न: तुमच्या मते आपल्या इयत्तेतल्या दहापैकी किती जणांनी घेतलं असेल? यादीत आम्ही अस्तित्वातच नसलेल्या पदार्थाचं एक नाव घातलं होतं. ज्यांनी त्यावरही खूण केली त्यांच्या चिठ्ठ्या बाजूला काढल्या, कारण ती मुलं बढाई मारत होती किंवा न वाचता खुणा करत होती. चिठ्ठ्या वर्गशिक्षकांनी न घेता मुलांनीच बंद पेटीत टाकल्या.

१२९ चिठ्ठ्या आल्या, ३ बाजूला गेल्या, १२६ उरल्या. दुसऱ्या प्रश्नाचं सगळ्यात जास्त आलेलं उत्तर होतं ‘दहापैकी चार’. प्रत्यक्षात ११ जणांनी खूण केली होती, म्हणजे दहात एकही पुरता नाही. भाषणात मी एवढंच म्हणालो: ‘तुम्हाला वाटलं चार. तुम्हीच दिलेलं उत्तर आहे एकाहून कमी.’ मग थांबलो. मुलं एकमेकांकडे पाहायला लागली. ‘खोटं लिहिलं असेल’ असं कुणीतरी म्हणालंच. मी म्हटलं, काहींनी लिहिलं असेल. ११ चे दुप्पट धरा, तरी चारच्या जवळ जात नाही.

याला अटी आहेत. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी हवी, आणि शाळेच्या नियमात बसत असेल तर पालकांना आधी कळवायला हवं. इयत्तेत पंचवीस-तीसच मुलं असतील तर करू नका, कारण तीन खुणा म्हणजे कोण, याचे अंदाज बांधले जातात. आणि आकडा खरोखरच मोठा निघाला, तर तो परिपाठात सांगू नका. तेव्हा प्रश्न भाषणाचा राहत नाही. चिठ्ठी शक्य नसेल तर आकड्याशिवायही चालतं: ‘जो घेतो तो दिसतो, जो घेत नाही तो दिसत नाही’ एवढं वाक्य पुरेसं आहे. बाहेरून उचललेला आकडा मात्र आपल्या शाळेचा म्हणून सांगू नका.

‘ठामपणे नाही म्हणा’ हा सल्ला मी देत नाही, कारण तो कसा अंमलात आणायचा हे त्यात नसतं. मुलं नाही म्हणताना कारण देतात आणि तिथेच फसतात. ‘आई ओरडेल’ म्हटलं की ‘तिला कुठे कळणार आहे’ हे तयार असतं. कारण दिलं की वाद सुरू होतो, आणि समोरचे चौघे असतात. म्हणून वाक्य तीन शब्दांचं: ‘मला नको रे.’ कारण द्यायचं नाही. लगेच दुसरा विषय काढायचा किंवा हाताला काही काम द्यायचं: बाटलीतलं पाणी प्यायचं, बुटाची नाडी बांधायची, मोबाइल काढायचा. ऐकायला पोरकट वाटतं, पण रिकामा हात पुढे आलेली वस्तू घेतो.

त्याहून मोलाचं वाक्य पाचव्या मुलासाठी नाही, सहाव्यासाठी आहे. सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५० च्या दशकात रेषांच्या लांबीचे प्रयोग केले होते. सगळा गट मुद्दाम चुकीचं उत्तर देत असताना, खरं उत्तर देणारा एकच माणूस सोबत असला तरी गटामागे जाण्याचं प्रमाण खूप खाली यायचं. म्हणून मी मुलांना सांगतो, ‘पहिल्यांदा नाही म्हणणं अवघड आहे, सगळ्यांना जमणार नाही. पण कुणी नाही म्हटलं, तर त्याच्या मागोमाग “मलाही नको” म्हणणं जमेल का? तेवढंच करा.’ वर्गातल्या लाजाळू मुलांना हे करता येण्यासारखं वाटतं. धीट मुलांना भाषणाची गरज कमीच असते.

शेवटची दोन मिनिटं संकटासाठी राखून ठेवा. कुणी प्यायला आहे आणि हलवूनही जागा होत नाही, श्वास फार हळू किंवा मधेच थांबून चालतोय, ओठ निळसर दिसताहेत, तर त्याला कुशीवर वळवा, एकटं सोडू नका, आणि लगेच मोठ्या माणसाला आणि रुग्णवाहिकेला बोलवा. ‘झोपू दे, उतरेल’ हे चूक आहे, कारण पिणं थांबल्यावरही काही वेळ पोटातली दारू रक्तात उतरत राहते आणि गुंगी वाढत जाते. कॉफी पाजणं किंवा बळेच उलटी करवणं यानं धोका वाढतो. हे सांगितल्यामुळे मुलं प्यायला लागतील का, असं मला दर वेळी कुणीतरी विचारतं. आग लागल्यावर कुठल्या जिन्यानं उतरायचं हे आपण सांगतोच ना.

आणि मग ते दार. ‘काही असेल तर माझ्याकडे या’ म्हणण्याआधी मुख्याध्यापकांशी बसून एक गोष्ट ठरवून घ्या: स्वतःहून येऊन सांगणाऱ्या मुलावर शिक्षेची कारवाई होणार का? ‘नाही’ असं स्पष्ट उत्तर मिळालं तरच ते वाक्य भाषणात घाला. ‘मी कुणालाच सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका, ते पाळता येत नाही. त्याऐवजी: ‘तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं, तर मला सांगावं लागेल, आणि ते आधी तुम्हाला सांगून मगच करेन. बाकीचं आपल्यात.’

एक अनुभव सांगतो, म्हणजे तुम्ही सावध राहाल. एका शाळेत माझं भाषण संपलं, मुलं खरोखर शांत होती, आणि पर्यवेक्षकांनी माइक हातात घेतला. ‘ऐकलंत ना? आता कुणी सापडलं तर सरळ दाखला हातात देईन!’ दहा मिनिटांचं काम दहा सेकंदांत संपलं. त्या महिन्यात माझ्याकडे एकही मूल आलं नाही. तेव्हापासून मी आधीच विनंती करतो की माझ्यानंतर कुणी बोलू नये, लगेच रांगा वर्गात जाव्यात.

मुलं हसली तर रागावू नका. मित्र शेजारी उभे असताना अवघड विषय निघाला की हसू येतंच. थांबा, त्यांचं झालं की पुढे बोला.

आणि त्या आठवड्यात मधल्या सुट्टीत एका ठरलेल्या जागी बसा, वह्या तपासत. बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुणीतरी येईल आणि म्हणेल, ‘मॅडम, माझा एक मित्र आहे, त्याचं विचारायचं होतं.’ तो मित्र कोण, हे विचारू नका. ‘बस, तुझ्या मित्राचं काय झालं?’ एवढंच म्हणा आणि शेवटपर्यंत त्या मित्राबद्दलच बोला.